फेटलिंगवाल्याचा कान: इअरमफ आणि दरवर्षीच्या श्रवणचाचणीसाठी साहेबांना अर्ज कसा करावा

मी बेळगावात उद्यमबागच्या बाजूला एका फाउंड्रीत अकरा वर्षं फेटलिंगला आहे. ओतून आलेल्या कास्टिंगची जास्तीची धार हवेच्या छिन्नीने तोडायची, ग्राइंडरने घासायची, साफ करून पुढे मशीन शॉपला द्यायची, हे काम. घरी बायको म्हणायची, "हाका मारून मारून घसा बसला की माझा, लक्ष कुठं असतंय तुमचं?" लक्ष होतं, ऐकूच येत नव्हतं. कंपनीच्या वार्षिक आरोग्य तपासणीत मात्र माझ्या कार्डावर दरवर्षी 'फिट' असाच शिक्का.

कानासाठी मी दोनदा अर्ज केला. पहिला तोंडी विनंतीसारखा, एका कागदावर चार ओळींचा होता. तो कुठे गेला ते आजही माहीत नाही. दुसऱ्याचं काम झालं. दोन्हींत काय फरक होता ते इथे लिहितो. उदाहरण फाउंड्रीचं आहे, पण प्रेस शॉप, पॉवरलूम, साखर कारखान्याचं टर्बाइन हाऊस, जिथे म्हणून शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं तिथे थोडाफार बदल करून हाच अर्ज चालेल.

1. अर्जाआधी आठवडाभर वहीत लिहा

'आवाज फार आहे साहेब' एवढं म्हटलं की साहेब म्हणतात, 'फाउंड्री आहे, देऊळ नाही.' म्हणून आधी आपल्या कामाचा आवाज मोजता येईल अशा शब्दांत मांडायचा. त्यासाठी यंत्र लागत नाही. हात लांब करून जेवढं अंतर होतं तेवढ्यावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथे साधारण 85 डेसिबल किंवा जास्त आवाज आहे असं धरतात. तोंड कानाजवळ नेऊन ओरडावं लागत असेल तर त्याहून बराच जास्त.

छोट्या वहीत रोज तीन गोष्टी लिहा: कोणतं काम, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि शिफ्ट सुटल्यावर कानात शीळ वाजते का. माझ्या आठवड्याच्या वहीतून निघालं की छिन्नी आणि ग्राइंडर मिळून रोज सरासरी पाच तास होतात. शीळ सहापैकी चार दिवस रात्री जेवणापर्यंत टिकत होती. कामानंतरची शीळ आणि कापूस कोंबल्यासारखं वाटणं म्हणजे कान तात्पुरता थकला. सकाळी तो बराचसा मोकळा होतो, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. असं वर्षानुवर्षं झालं की थोडं थोडं कायमचं राहून जातं आणि ते परत येत नाही.

आपल्याकडे आठ तासांच्या कामासाठी 90 डेसिबल ही वरची मर्यादा धरतात, आणि दर 5 डेसिबल वाढीला वेळ निम्मी होते. 95 ला 4 तास, 100 ला 2 तास. अमेरिकेतली निओश ही संस्था आठ तासांना 85 च पुरे म्हणते, म्हणजे आपली मर्यादा तशी सैलच आहे. पुढे आमच्या सेफ्टी ऑफिसरनी मीटर लावला तेव्हा माझ्या बेंचजवळ 98 आला. 97 लाही फक्त 3 तास चालतात, आणि माझे पाच होत होते. हा हिशेब कुठल्याही साहेबाला एका मिनिटात कळतो.

एक सावधगिरी. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप मिळतं, पण बऱ्याच कारखान्यांत शॉपमध्ये मोबाइल काढायला बंदी असते. परवानगी नसताना व्हिडिओ काढलात तर आवाजाचा विषय मागे पडतो आणि तुमच्या शिस्तभंगाची चौकशी पुढे येते. शिवाय मोबाइलचा माइक मोठ्या आवाजाला भरवशाचा नसतो. वही पुरे. मोजणी कंपनीनेच करावी, ही अर्जातली एक मागणी करा.

2. काय मागायचं ते नीट ठरवा

माझ्या पहिल्या अर्जात 'कानाला संरक्षण मिळावे' एवढंच होतं. अशा मोघम मागणीवर स्टोअरमधून कापसाचं बंडलही येऊ शकतं! कापसाने आवाज फारसा अडत नाही. तेव्हा कोणतं साधन, कुणासाठी आणि किती दिवसांनी बदलून हवं, हे स्पष्ट लिहा.

मऊ फोमचे प्लग स्वस्त असतात आणि आवाज चांगला अडवतात, पण ते बोटांनी वळून बारीक करावे लागतात. फेटलिंगवाल्याचे हात काळे असतात. तीच काजळी कानात जाते आणि कान दुखायला लागतो. ज्यांना दिवसातून दहा वेळा काढघाल करावी लागते त्यांना फोम सोयीचा नाही. दोरीचे रबरी प्लग धुता येतात आणि गळ्यात अडकवता येतात, पण मापाचे नसतील तर ढिले राहतात. इअरमफ, म्हणजे हेडफोनसारख्या वाट्या, काळ्या हातांनीही लावता येतात आणि लावलेत की नाही ते सुपरवायझरला लांबून दिसतं. फेटलिंगला मला तेच बरे वाटतात. फक्त चष्म्याच्या काडीमुळे वाटी आणि डोकं यांत फट राहते, आणि मे महिन्यात भट्टीजवळ घाम फार येतो. म्हणून अर्जात 'मफ व प्लग, दोन्ही प्रकार उपलब्ध ठेवावेत, कामगाराला बसेल तो द्यावा' असं लिहा. हेल्मेट वापरत असाल तर हेल्मेटला जोडायचा मफ मागा.

पाकिटावरच्या आकड्याला भुलू नका. साधन किती डेसिबल आवाज अडवतं त्याच्या आकड्याला एनआरआर म्हणतात. पाकिटावर एनआरआर 25 लिहिलं असलं तरी 98 मधून 25 वजा होत नाहीत. तो आकडा प्रयोगशाळेत नीट बसवून काढलेला असतो. कामावर धरायची ढोबळ रीत अशी: आकड्यातून 7 वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं करा. 25 मधून 7 गेले, उरले 18, निम्मे 9. म्हणजे 98 चा आवाज कानाशी 89 होतो. जेमतेम मर्यादेच्या आत! म्हणून छिन्नीसारख्या कामाला आत प्लग आणि वर मफ असं दोन्ही घालतात. त्याने आणखी साधारण 5 कमी होतात, बेरजेइतके नाहीत. उलट सगळ्यांनाच सगळीकडे दुहेरी दिलं तर क्रेनचा भोंगा आणि फोर्कलिफ्ट ऐकू येत नाही, तोही धोकाच आहे.

3. चाचणी कोणती, हे अर्जातच लिहा

मी सगळ्यात जास्त इथेच फसलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॅम्पमध्ये डॉक्टर मागे उभं राहून हळू बोलतात किंवा टिचकी वाजवतात आणि 'ऐकू येतंय ना?' विचारतात. ती श्रवणचाचणी नव्हे. अर्जात 'प्युअर टोन ऑडिओमेट्री' हे नाव लिहा. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसवतात. एकेका कानात जाड ते बारीक सूर आधी ऐकू येईल असे आणि मग हळू हळू करत वाजवतात. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. प्रत्येक सुराला किती हळू आवाजापर्यंत ऐकू आलं त्याचा आलेख निघतो. त्यालाच ऑडिओग्राम म्हणतात. आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं.

कारखान्याचा आवाज सगळे सूर सारखे खात नाही. आधी 3000 ते 6000 हर्ट्झचा भाग जातो, विशेषतः 4000 च्या आसपास. आलेखात तिथे खड्डा पडतो आणि 8000 ला रेघ पुन्हा थोडी वर येते. जाड सूर तोपर्यंत शाबूत असतात, त्यामुळे लोक बोलताहेत हे ऐकू येतं पण काय बोलताहेत ते नीट कळत नाही. 'स', 'त', 'फ' अशा अक्षरांचा बारीक भाग गळतो. पुरुषाचा जाड आवाज समजतो, बायकोचा आणि पोरांचा समजत नाही. आणि ती म्हणते, लक्ष नाही.

माझ्या उजव्या कानाचे आकडे असे होते: 500 हर्ट्झला 10, 1000 ला 10, 2000 ला 15, 3000 ला 25, 4000 ला 45, 6000 ला 35, 8000 ला 20. आता गंमत बघा. बऱ्याच ठिकाणी फक्त पहिल्या तीन सुरांची सरासरी काढतात, कारण बोलणं मुख्यतः तिथे असतं. माझी सरासरी आली सुमारे 12. साधारण 25 पर्यंत ऐकणं ठीक धरतात. म्हणजे कागदावर मी ठणठणीत, आणि 4000 ला भला मोठा खड्डा. खासगी ईएनटी डॉक्टरांनी आलेख पुढे ठेवून बोट लावलं तेव्हा मला ते दिसलं.

यातून अर्जात घालायची तीन वाक्यं निघतात. एक, चाचणीत 3000, 4000, 6000 आणि 8000 हर्ट्झही असावेत. दोन, आलेखाची प्रत कामगाराला द्यावी, नुसता 'फिट' शेरा नको. तीन, चाचणी शिफ्टच्या आधी घ्यावी.

तिसऱ्याचं कारण असं की कामानंतर थकलेला कान तपासला तर आकडे खोटे वाईट येतात आणि मॅनेजमेंट म्हणते, चाचणीच चुकीची आहे. आधी किमान 14 तास कान मोठ्या आवाजापासून लांब हवेत. साप्ताहिक सुट्टीनंतरची सकाळ सगळ्यात चांगली. पण सुट्टीही शांत जायला हवी. गणपती विसर्जनात रात्रभर डॉल्बीपुढे नाचून सकाळी चाचणीला बसलात तर आलेख त्या डॉल्बीचाच निघेल. वडगाव, शहापूर, खासबागला ज्यांच्या घरातच माग चालतात, त्यांनी आदल्या रात्री दुसरीकडे झोपावं किंवा माग बंद ठेवावेत. आणि घरी माग आहे हे डॉक्टरांना स्वतः सांगावं. लपवलं आणि नंतर निघालं तर सगळं खापर मागावर फुटतं.

चाचणीआधी कानात मळ आहे का तेही बघायला हवं. मळाचा बोळा असला तरी कमी ऐकू येतं, आणि ते साफ केल्यावर परत येतं.

4. कोणाला, कोणत्या भाषेत, कोणाच्या सहीने

अर्ज फॅक्टरी मॅनेजरच्या नावे करा, सुपरवायझरच्या नाही. कारखान्याच्या परवान्यावर ज्याचं नाव मॅनेजर म्हणून असतं त्याच्यावर कायद्याने जबाबदारी असते. एचआरला आणि सेफ्टी ऑफिसर असेल तर त्यांना प्रत द्या. तुम्ही कंत्राटदाराचे कामगार असलात तरी अर्ज मॅनेजरलाच करा, कंत्राटदाराला प्रत द्या. कारखान्याच्या आत काम करणारा कंत्राटी माणूसही कायद्याच्या दृष्टीने तिथला कामगार असतो. 'तुमचा माणूस वेगळा' म्हणून हात झटकता येत नाहीत.

भाषेचं म्हणाल तर आमचे मॅनेजर मराठी छान बोलायचे, पण फाइल इंग्रजीत आणि सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये. मी अर्ज मराठीत लिहिला आणि शेजारच्या कन्नड मित्राकडून त्याची कन्नड प्रत करून सोबत लावली. पुढे कधी कारखाने निरीक्षकाकडे जायची वेळ आली तर तीच प्रत उपयोगी पडते. आपल्याकडे भाषेचा विषय निघाला की तासभर संपत नाही. या अर्जापुरता तो बाहेर ठेवा. फेटलिंगला मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे सगळे शेजारी शेजारी असतात आणि छिन्नी सगळ्यांच्या कानात सारखीच वाजते.

एकट्याने सही करू नका. एकट्याचा अर्ज तक्रार वाटतो, आणि वर 'याला कमी ऐकू येतं, याला कामावरून काढा' असा उलटा अर्थही कुणी काढू शकतो. माझी हीच भीती होती. म्हणून दुसऱ्या अर्जात मी माझ्या कानाबद्दल एक ओळही लिहिली नाही. खात्यातल्या चौदा जणांच्या वतीने, कामाच्या आवाजाबद्दल लिहिलं. युनियन असेल तर पदाधिकाऱ्याची सही घ्या.

कलमांचे आकडे अर्जात घालू नका. 1948 च्या कारखाना कायद्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता आली आहे. जुनं कलम लिहिलंत तर उत्तर फक्त कलमाला मिळतं. मुद्दा दोन्हींत तोच आहे: फाउंड्री घातक प्रक्रियांच्या यादीत आहे, आणि आवाजाने येणारं बहिरेपण सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत आहे. एवढं लक्षात ठेवा.

5. अर्जाचा नमुना

दिनांक: ________

प्रति,
मा. फॅक्टरी मॅनेजर,
________ (कारखान्याचे नाव व पत्ता)

विषय: फेटलिंग खात्यातील कामगारांना कानाची संरक्षक साधने मिळणे व वार्षिक आरोग्य तपासणीत श्रवणचाचणीचा समावेश होणे याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे 14 कामगार फेटलिंग खात्यात काम करतो. हवेची छिन्नी व ग्राइंडर यांचे काम प्रत्येकाला दररोज सरासरी 5 तास करावे लागते. कामाच्या वेळी हातभर अंतरावरील सहकाऱ्याशीही ओरडून बोलावे लागते. बऱ्याच जणांच्या कानात शिफ्टनंतर काही तास शीळ वाजत राहते. दि. ________ ते ________ या आठवड्यातील कामाच्या वेळांची नोंद सोबत जोडली आहे.

आमची नम्र विनंती अशी:

1. खात्यातील आवाज प्रत्यक्ष काम सुरू असताना मोजावा व आकडे खात्याच्या फलकावर लावावेत.

2. आवाजाच्या कामावरील प्रत्येक कामगाराला, कंत्राटी कामगारांसह, इअरमफ अथवा प्लग विनामूल्य द्यावेत. दोन्ही प्रकार उपलब्ध असावेत. खराब झालेले साधन जुने जमा करताच बदलून मिळावे. वापरण्याची पद्धत प्रत्यक्ष दाखवावी.

3. कंपनी दरवर्षी करीत असलेल्या आरोग्य तपासणीत प्युअर टोन ऑडिओमेट्रीचा समावेश करावा. चाचणीत 500 ते 8000 हर्ट्झ, तसेच 3000, 4000 व 6000 हर्ट्झ तपासावेत. चाचणी साप्ताहिक सुट्टीनंतर शिफ्ट सुरू होण्यापूर्वी घ्यावी. नवीन कामगाराची चाचणी या खात्यात काम सुरू करतानाच व्हावी.

4. चाचणीच्या आलेखाची प्रत संबंधित कामगाराला द्यावी. निकालाच्या कारणाने कोणाचेही काम अथवा वेतन कमी होऊ नये.

याबाबत चर्चेसाठी आम्हा दोघा-तिघांना वेळ द्यावी. दि. ________ पर्यंत लेखी उत्तर मिळावे ही विनंती.

आपले विश्वासू,
(नाव, टोकन नंबर, सही)

प्रत: एचआर विभाग, सेफ्टी ऑफिसर, कंत्राटदार

तिसऱ्या मागणीतले 'कंपनी दरवर्षी करीत असलेल्या' हे शब्द तसेच ठेवा. घातक प्रक्रियेवरच्या कामगाराची वर्षातून एकदा तपासणी व्हायलाच हवी असते, आणि बहुतेक ठिकाणी ती होतेही: वजन, रक्तदाब, छातीचा एक्स-रे. म्हणजे तुम्ही नवीन खर्चाचा कार्यक्रम मागत नाही, चालू कार्यक्रमात एक चाचणी जोडा म्हणताय. माझ्या मते दुसरा अर्ज मान्य झाला तो मुख्यतः या एका वाक्यामुळे.

6. देताना सोबत काय न्यायचं

- अर्जाच्या दोन प्रती, शिवाय कन्नड किंवा इंग्रजी प्रत
- आठवड्याच्या नोंदींची नक्कल (मूळ वही घरी ठेवा)
- टोकन नंबर किंवा ओळखपत्राची झेरॉक्स
- आधीच्या आरोग्य तपासणीचं कार्ड, असल्यास. हे फक्त दाखवायला न्या, जोडू नका

एक प्रत द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख, सही घ्या. 'ठेवून जा, बघतो' म्हटलं तर हसतमुखाने थांबा: "पोच दिली की जातो साहेब." नाहीच दिली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. माझ्या पहिल्या अर्जाची पोच नव्हती. सहा महिन्यांनी विचारलं तर उत्तर आलं, असा अर्ज आलाच नाही.

7. चर्चेला बोलावल्यावर

दोघंतिघं जा. बोलणारा एक, लिहिणारा एक. आमच्या वेळी बोलणं साधारण असं झालं.

"प्लग दिले होते की मागं. वापरत कोण नाही वो तुमच्यातलं!"

यात तथ्य होतं. आम्ही सांगितलं की ते ढिले होते आणि कसे घालायचे ते कुणी दाखवलं नाही. चार जणांना दोन-तीन प्रकार महिनाभर वापरून बघू द्या, जो बसेल तो मागवा. साहेबांना हे पटलं, कारण त्यात न वापरलेल्या मालाचा खर्च वाचतो.

"चाचणी कशाला? कुणाला काही निघालं तर?"

खरी अडचण हीच. आजार निघाला तर तो सरकारला कळवावा लागतो, म्हणून काही ठिकाणी चाचणीच नको वाटते. इथे धमकी देऊ नका. आम्ही म्हटलं, "साहेब, आज आलेख काढला तर पुढच्या वर्षी नवीन काही झालंय की जुनंच आहे ते कळेल. नवीन भरती झालेल्या पोराचा पहिल्याच दिवशी काढला तर त्याचं आधीचं तुमच्या माथी येणार नाही." चाचणी त्यांच्याही कामाची आहे, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

पैसे तुमच्या पगारातून कापायचं निघालं तर नम्रपणे नाही म्हणा. सुरक्षेच्या साधनांचे आणि या तपासणीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत.

काय ठरलं ते त्याच दिवशी लिहून काढा आणि 'आज झालेल्या चर्चेप्रमाणे' अशी दोन ओळींची चिठ्ठी एचआरला द्या. तिचीही पोच घ्या.

8. उत्तरच आलं नाही तर

दिलेली तारीख उलटल्यावर आठवण करून देणारं छोटं पत्र द्या, जुन्या अर्जाची तारीख घालून. त्यावरही काही नाही झालं तर कर्नाटक सरकारच्या कारखाने, बाष्पके, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य विभागाच्या निरीक्षकाकडे जाता येतं. आरोग्य-सुरक्षेबद्दल निरीक्षकाकडे थेट किंवा प्रतिनिधीमार्फत म्हणणं मांडायचा कामगाराला हक्क आहे. तिथे अर्ज, पोच, वहीची नक्कल आणि कन्नड प्रत लागते. ती तुमच्याकडे आहेच.

ईएसआयचे सभासद असाल तर कानाची तक्रार ईएसआयच्या डॉक्टरांकडे नोंदवून ठेवा. कंपनीच्या उत्तराची वाट बघू नका. 'फेटलिंगला अमुक वर्षं, रोज इतके तास' हे त्यांना स्वतःहून सांगा आणि केस पेपरवर लिहिलं गेलं का ते बघा. आवाजामुळे आलेलं बहिरेपण ईएसआयच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, पण केस पेपरवर नुसतं 'कमी ऐकू येते' एवढंच असेल तर पुढे कामाशी संबंध दाखवणं अवघड जातं.

9. मफ हातात आल्यावर

फोमचा प्लग स्वच्छ हातांनी बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नीट बसला असेल तर स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. मफची गादी कडक झाली किंवा चिरली की बदलून घ्या. बाहेरून तो चांगला दिसतो, पण फटीतून आवाज येतो.

आणि काढून ठेवू नका. 30 डेसिबल अडवणारं साधन आठ तासांपैकी अर्धा तास गळ्यात लटकवून तोच आवाज ऐकला, तर दिवसभराच्या हिशेबाने ते फक्त 12 डेसिबलचं राहतं. काढायचंच असेल तर आधी खात्याबाहेर या.

पहिला आलेख मिळाला की प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डाशेजारी ठेवा. पुढच्या वर्षीचा आला की प्रत्येक कानाचे 2000, 3000 आणि 4000 चे आकडे काढा आणि दोन्ही वर्षांची सरासरी लावा. माझे पहिल्या वर्षीचे 15, 25, 45, म्हणजे सरासरी 28. समजा पुढे ते 20, 40, 55 झाले तर सरासरी 38. दहाचा फरक पडला की अमेरिकेच्या नियमात त्याला दखल घेण्याजोगा बदल म्हणतात. एवढा फरक दिसला तर मफ बसतोय का, किती वेळ घालताय, कामाचे तास वाढलेत का हे तपासायला लावा, आणि शांत कानाने चाचणी पुन्हा मागा. नोकरी बदललीत तर सगळे आलेख घेऊन निघा. नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात हाच अर्ज द्यायचा आहे.